पंचेचाळीस दिवसांत दहा किलो

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागेकडं किंवा शंभर फुटी रस्त्यानं गेलात, की जिमचे फलक दिसतात. डावीकडं पोट सुटलेला माणूस, उजवीकडं तोच माणूस पिळदार अंगाचा, आणि खाली ‘४५ दिवसांत १० किलो, खात्रीशीर’. लग्नसराई जवळ आली की हे फलक वाढतात. जिमला जाणं चांगलंच आहे. मी शारीरिक शिक्षण शिकवण्यात आयुष्य घालवलंय, तेव्हा व्यायामाला नको म्हणणाऱ्यांतला मी नाही. बोलायचंय ते पैसे भरण्याआधीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. तिथं काय सांगितलं जातं आणि आपण काय विचारायचं, एवढंच.

माझ्या भाचीचं उदाहरण घेतो. वय एकतीस, वजन ७४ किलो, उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. दिवसभर खुर्चीवर बसून काम. थायरॉईडची गोळी चालू आहे. घरात लग्न होतं, म्हणून ती एका जिममध्ये चौकशीला गेली. तिथल्या मुलानं तिला आदरानं बसवलं, पाणी दिलं आणि लगेच मशीनवर उभं केलं. अनवाणी पाय धातूच्या पट्ट्यांवर, हातात दोन दांडे. मिनिटाभरात कागद छापून आला. त्यावर चरबीचा आकडा लाल रंगात, आणि खाली ‘शरीराचं वय ४६’. हा आकडा वाचून तिचा चेहरा पडला, आणि नेमक्या त्याच वेळी पॅकेज पुढं आलं: वर्षाची मेंबरशिप १४ हजार, ४५ दिवसांचं ट्रान्सफॉर्मेशन पॅकेज वेगळं १५ हजार, त्यात पर्सनल ट्रेनरची १८ सेशन. एकूण २९ हजार. ‘ही ऑफर फक्त आजच्या दिवस, मॅडम.’

आता हे दहा किलो खरंच शक्य आहेत का, ते आपण हिशेबानं बघू. शरीरातली एक किलो चरबी घटायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. दहा किलोंना ७७ हजार. पंचेचाळीस दिवसांवर वाटल्या, तर रोज १,७०० कॅलरींची तूट पडायला हवी. माझ्या भाचीच्या शरीराला सगळा दिवस चालायला लागतात जेमतेम १,९०० कॅलरी. तासाभराच्या वजनांच्या व्यायामात तिच्या वजनाच्या बाईच्या साधारण तीनशे कॅलरी जातात. म्हणजे अठरा सेशनमध्ये ५,४००, दिवसाला फक्त १२०. उरलेली जवळजवळ १,६०० कॅलरींची तूट ताटातूनच काढायची. मग दिवसभरासाठी राहतात तीनशे, म्हणजे दोन चपात्या आणि थोडी आमटी. तेवढ्यावर दीड महिना काढायचा, वर वजनं उचलायची, आणि कामावरही जायचं.

एवढ्या उपासमारीत वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागतात, तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर पॅकेज संपलेलं असतं. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. तिला रोज पाचशे कॅलरींची तूट झेपली, तर ४५ दिवसांत तीन किलोंच्या आसपास चरबी जाईल. ही चांगली प्रगती आहे. फलकावर मात्र ती कुणी लिहीत नाही.

इथं कुणी म्हणेल, आमच्या शेजारच्याचे पहिल्या दहा दिवसांत तीन किलो उतरले, डोळ्यांनी बघितलंय. उतरले असतील. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टमय पदार्थांपासून केलेला साखरेचा साठा असतो, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-चपाती एकदम बंद केली की हा साठा रिता होतो आणि ते पाणीही जातं. दोन किलो तिथंच कमी दिसतात. मीठ आणि एकूण खाणं कमी झाल्यानं आणखी थोडं. मग लग्नाच्या पंगतीत दोन दिवस नीट जेवलं की काटा परत वर. या पहिल्या दहा दिवसांच्या आकड्यावरच पुढचं पॅकेज विकलं जातं, म्हणून हे नीट समजून घ्या.

तीच गोष्ट त्या मशीनच्या कागदाची. मशीन पायातून-हातातून अगदी सौम्य वीज सोडतं. पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडखळत जाते. त्यावरून, तुमची उंची, वय, स्त्री की पुरुष हे गणितात घालून, मशीन चरबीचा अंदाज सांगतं. अंगात पाणी कमी असलं, म्हणजे तुम्ही दुपारच्या उन्हातून घामाघूम होऊन आलात, की चरबी जास्त दिसू शकते. पॅकेजच्या शेवटी सकाळी, अंगात पाणी पुरेसं असताना मोजलं तर तीच चरबी कमी दिसू शकते. म्हणून सरळ विचारा: पहिलं आणि शेवटचं माप एकाच वेळी, सारख्याच स्थितीत घेणार का? उपाशीपोटी, सकाळी, व्यायामाआधी? आणि घरच्या टेपनं बेंबीपाशी कंबर मोजून वहीत लिहून ठेवा. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या मशीनवर उभंच राहू नये. हा प्रश्न मशीनवर चढवण्याआधी विचारला गेला नाही, तर तिथं काळजी घेण्याची रीत नाही असं समजा.

माझ्या भाचीला तर थायरॉईडचंही कुणी विचारलं नव्हतं. रक्तदाब, साखर, गुडघा, कंबर, आधीचं ऑपरेशन, चालू औषधं, यातलं काहीच नाही. किंमत आधी आणि तब्येतीची विचारपूस नंतर, असा क्रम दिसला की मला लगेच शंका येते. आमच्या तालमीत नवा पोरगा आला, की वस्ताद त्याला आधी विचारायचे, घरचं काय, खातोस काय, दुखतं काय. मगच लंगोट.

ट्रेनरबद्दल एकच सांगतो. त्यानं कोणता कोर्स केलाय हे विचाराच, पण त्याहून मोठा प्रश्न हा, की तो मधेच सोडून गेला तर माझ्या उरलेल्या सेशनचं काय? ट्रेनर जिम बदलत असतात. तुमचा विश्वास बसतो माणसावर, पैसे जातात जिमला.

आता फॉर्मकडं येऊ, कारण सगळं तिथं लपलेलं असतं. भाचीनं सांगितलं, फॉर्म घरी नेऊन वाचते. मुलगा म्हणाला, फॉर्म बाहेर देता येत नाही. तिनं तिथंच मोबाईलवर फोटो काढले, आणि रात्री आम्ही दोघांनी वाचले. ‘खात्रीशीर’ या शब्दापुढं बारीक फुली होती. खाली अट होती: एकही सेशन चुकलं, किंवा जिमनं दिलेल्या आहारात फरक पडला, तर खात्री लागू नाही. सेशन ४५ दिवसांतच संपवायची, नाही तर बुडाली. पैसे कोणत्याही कारणानं परत नाहीत. आणि ‘दहा किलो’ हा आकडा फॉर्मवर कुठंच नव्हता. फलकावर होता, मुलाच्या तोंडी होता, सही करायच्या कागदावर नव्हता. असं असेल तेव्हा त्याच काउंटरवर म्हणा, ‘तुम्ही जे सांगताय ते फॉर्मवर लिहा आणि खाली सही करा.’ दिलं लिहून, तर तुमच्याकडं पुरावा राहिला. नाही दिलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

वर्षाच्या मेंबरशिपचा हिशेबही करून बघा. त्याच जिमची महिन्याची फी दोन हजार होती. म्हणजे १४ हजारांत सात महिन्यांची फी बसते. सात महिन्यांपेक्षा जास्त काळ मी नक्की येणार, असं ज्याला वाटतं त्यानंच वर्षाचं घ्यावं. दोन-तीन महिने महिन्याचे पैसे भरून आपली सवय तपासा. तेवढ्यानं ऑफर गेली तर जाऊ द्या. ‘आजच्या दिवस’ म्हणून सांगितलेली ऑफर पुढच्या आठवड्यातही मिळते का, हे फोन करून बघायला काही लागत नाही.

सांगलीकरांनी एक प्रश्न हमखास विचारावा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. जिम तळघरात किंवा नदीच्या पट्ट्यात असेल, तर पुरात ती बंद राहिल्यास माझी मुदत तेवढी वाढणार का, आणि हे लिहून देणार का? तसंच आजारपण, बाळंतपण, बदली, अशा वेळी मेंबरशिप थांबवता येते का, दुसऱ्याच्या नावावर करता येते का, आणि त्याचे पैसे किती.

हप्त्यांची गोष्ट तर फार जपून ऐका. ‘एकदम भरू नका, ईएमआय करून देतो’ असं म्हणून मोबाईलवर ओटीपी घेतात. तो ओटीपी दिला की बहुतेक वेळा तुम्ही एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलेलं असतं. जिमला पूर्ण रक्कम मिळून जाते. उद्या जिमला कुलूप लागलं तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतात, थांबवले तर तुमचा सिबिल स्कोअर बिघडतो. म्हणून विचारा, कर्ज कोणाचं, व्याज आणि प्रोसेसिंग फी किती, आणि मधेच जिम सोडली तर कर्जाचं काय.

पैसे भरलेत तर बिल घ्या. त्यावर जिम चालवणाऱ्या मालकाचं किंवा संस्थेचं नाव, मुदतीच्या तारखा आणि सेशनची संख्या हवी. जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांकही हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा दर १८ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुन्या दरानं आकारणी झाली नाही ना, बघून घ्या.

आणि वाद झालाच, तर फॉर्मवर ‘पैसे परत नाहीत’ छापलं म्हणून गप्प बसू नका. ठरलेली सेवा दिली नसेल, तर ती सेवेतली त्रुटी ठरते आणि तक्रार करता येते. आधी जिमला लेखी कळवा, मेसेजवर नुसतं भांडू नका. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथं सुटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि जिमचं मुख्य ऑफिस पुण्या-मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच, तक्रार दाखल करता येते. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. फलकाचा फोटो, फॉर्मचे फोटो, बिल आणि जिमशी झालेले मेसेज तक्रारीला जोडायचे. धन्यवाद.