बेल्ट की लीड स्क्रू?

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात ॲक्रिलिकचे नामफलक कोरणारे यंत्र तयार होत आहे. त्याच्या आडव्या अक्षाचा प्रवास १२०० मिलिमीटर असून तो ८ मिलिमीटर व्यासाच्या लीड स्क्रूवर चालवावा की टायमिंग बेल्टवर, हे ठरवायचे आहे.

मोटरच्या एका फेऱ्यात हा स्क्रू हत्यार वाहणाऱ्या गाड्याला ८ मिलिमीटर सरकवतो, तर २० दात्यांची पुली बेल्टद्वारे ४० मिलिमीटर सरकवते. त्यामुळे अचूकतेसाठी स्क्रूच बरा असे वाटते. परंतु केवळ दोन टोकांना टेकलेला इतका लांब आणि बारीक स्क्रू मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांच्या पुढे दोरीउडीच्या दोरीसारखा फुगू लागतो, आणि गाड्याचा वेग सेकंदाला ५० मिलिमीटरच्या आसपास अडकतो. रिकामी धाव याच्या तिप्पट वेगाने हवी असल्याने येथे बेल्ट निवडला जातो. वर-खाली होणाऱ्या लहान अक्षाला मात्र २ मिलिमीटर लीडचा स्क्रूच योग्य, कारण वीज गेली तरी तो स्पिंडलचे वजन धरून ठेवतो.

आता दोष ओळखण्याकडे वळू. मोटरची वीज चालू ठेवून ती न फिरवता जागीच स्थिर ठेवावी, गाड्याला डायल गेज लावावा आणि गाडा बोटाने ढकलावा. काटा सहज सरकून, बोट काढल्यावरही तेथेच राहिला, तर तो बॅकलॅश, म्हणजे भागांमधली मोकळी जागा होय. जोराच्या प्रमाणात सरकून सोडताच परतला, तर ती बेल्टची लवचीकता. दोहोंवरचे उपाय वेगळे असल्याने ही साधी चाचणी टाळू नये.

बेल्टची लवचीकता सर्वत्र सारखी नसते. गाडा मोटरपासून २०० मिलिमीटरवर असताना एका बाजूचा बेल्ट २०० आणि वळसा घालून येणारा २२०० मिलिमीटर असतो; दूरच्या टोकाशी दोन्ही तुकडे १२०० होतात, आणि त्याच जोराने बेल्ट सुमारे सव्वातीन पट अधिक ताणला जातो. म्हणून चाचणी दूरच्या टोकाशीच घ्यावी. बेल्ट कचकचून ओढल्याने तो कडक होत नाही, फक्त मोटरच्या बेअरिंगवर भार येतो. उलट दिशेचा तुकडा कधीही सैल पडू नये, इतकाच ताण पुरेसा असतो. खरा फरक रुंदीने पडतो: ६ऐवजी १० मिलिमीटरचा बेल्ट घेतल्यास ताणले जाणे सुमारे ४० टक्क्यांनी घटते. ॲल्युमिनियमची चौकट मे महिन्यात बेल्टपेक्षा अधिक प्रसरण पावते, हेही नागपूरकरांनी ध्यानात ठेवावे आणि हिवाळ्यात लावलेला ताण उन्हाळ्यात पुन्हा तपासावा.

स्क्रूच्या बाबतीत दोष नेहमी नटवर ढकलला जातो. प्रत्यक्षात स्क्रूच स्वतःच्या अक्षावर मागेपुढे सरकत असेल, तर गेजचे टोक स्क्रूच्या टोकाला टेकवताच ते दिसते. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या लवचीक कपलिंगला हा अक्षाच्या दिशेचा भार पेलता येत नाही. त्यासाठी थ्रस्ट बेअरिंग हवे. ते झाल्यावरच स्प्रिंग असलेला दुहेरी नट बसवावा, आणि स्प्रिंगचा जोर कोरताना येणाऱ्या जोरापेक्षा जास्त असावा. संगणकातून दिलेली बॅकलॅशची भरपाई येथे अपुरी पडते, कारण दिशा बदलत नसतानाही हत्यार गाड्याला त्या मोकळ्या जागेत ओढू शकते.