पर्यायांमधला जादा शब्द

नमस्कार श्रोते हो. नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलामुलींसाठी आजचं हे बोलणं आहे. बँकेची परीक्षा असो की स्टाफ सिलेक्शनची, इंग्रजीच्या पेपरात वाक्य सुधारण्याचा प्रश्न अनेकदा येतो. चार पर्याय असतात, चारही वाचायला बरे वाटतात. अशा वेळी पुष्कळदा चूक असते ती एखाद्या जादा शब्दाची. आपल्या मुलांना ती पटकन दिसत नाही आणि त्याला कारण आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘तो परत आला’. ‘परत’ वेगळं, ‘आला’ वेगळं. इंग्रजीतल्या ‘रिटर्न’मध्ये मात्र दोन्ही एकत्र आहेत. आपल्या मनात ‘रिटर्न’ म्हणजे नुसतं ‘येणं’ राहतं, ‘परत’ची जागा रिकामी वाटते आणि तिथे ‘बॅक’ येऊन बसतं. ‘मोअर बेटर’चंही तसंच. तुलना करताना मराठीत ‘चांगला’चं रूप बदलत नाही, आपण आधी ‘जास्त’ लावतो. ‘बेटर’मध्ये ते ‘जास्त’ आलेलं असतं. म्हणजे ‘मोअर बेटर’ झालं ‘जास्त जास्त चांगला’. तिसरी जोडी ‘द रीझन इज बिकॉज’. आपण सहज म्हणतो, ‘उशीर झाला त्याचं कारण म्हणजे बस चुकली म्हणून’. बोलण्यात ते खपून जातं, म्हणून इंग्रजीतही कानाला खटकत नाही.

आता एक प्रश्न नीट सोडवू या. कागद घ्या आणि लिहून घ्या. ‘द रीझन ही रिटर्न्ड बॅक फ्रॉम लासलगाव इज बिकॉज द ऑक्शन वॉज क्लोज्ड.’ लिलाव बंद होता म्हणून माणूस लासलगावहून परतला, एवढाच अर्थ. पहिला पर्याय, आहे तसंच ठेवा. दुसऱ्यात ‘बॅक’ काढलंय, पण ‘इज बिकॉज’ तसंच आहे. तिसऱ्यात ‘बॅक’ नाही आणि ‘इज दॅट’ आहे. चौथ्यात ‘इज दॅट’ आहे, पण ‘बॅक’ राहिलंय.

चारही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. पर्याय एकमेकांपासून कुठे वेगळे आहेत तेवढंच बघा. इथे दोनच जागा आहेत. पहिल्या जागी ‘बॅक’वर बोट ठेवा आणि तो शब्द झाकून वाचा. ‘ही रिटर्न्ड फ्रॉम लासलगाव.’ अर्थातलं काही गेलं का? नाही. मग तो जादा. पहिला आणि चौथा बाद. दुसरी जागा ‘बिकॉज’ची. तिथे शब्द नुसता झाकून भागत नाही, वाक्य तुटतं. ‘रीझन’नेच कारण सांगायला सुरुवात केली आहे, तेव्हा पुढे ते कारण काय एवढंच सांगायचं आणि त्यासाठी ‘दॅट’ पुरतं. उत्तर तिसरा. ‘बिकॉज’ ठेवायचंच असेल तर ‘रीझन’ काढावं लागेल: ‘ही रिटर्न्ड फ्रॉम लासलगाव बिकॉज द ऑक्शन वॉज क्लोज्ड’. तसा पर्याय दिला असता, तर तोही बरोबर ठरला असता. काही जुन्या-नव्या लेखकांच्या लेखनात ‘रीझन इज बिकॉज’ सापडतं, काही कोशकार त्याची बाजूही घेतात. परीक्षेत मात्र ते चूक धरलं जातं, तिथे वाद घालू नका.

इथे एक धोका सांगायलाच हवा. हे कळलं की मुलं ‘बॅक’ दिसलं की काट मारतात आणि सगळ्यात आखूड पर्याय निवडतात. ‘ही केम बॅक’मधलं ‘बॅक’ झाकून बघा. उरलं ‘ही केम’, तो आला. परत आला हा अर्थ गेला. म्हणजे तिथे ‘बॅक’ हवंच. ‘मच बेटर’मधलं ‘मच’ही ठेवायचं, कारण ते ‘जास्त’ पुन्हा सांगत नाही, किती जास्त ते सांगतं: कितीतरी जास्त चांगला. ‘द रीझन व्हाय’ काही शिक्षकांना खटकतं, पण ते रूढ इंग्रजी आहे. फक्त ‘व्हाय’ दिसलं म्हणून पर्याय सोडू नका, आधी दुसरी चूक शोधा.

आणि कधी कधी जादा शब्द काढूनही काम संपत नाही. ‘धिस सीड इज मोअर सुपीरियर दॅन दॅट’ हे वाक्य घ्या. ‘सुपीरियर’मध्येच वरचढपणा आहे, म्हणून ‘मोअर’ गेलं. पण ‘सुपीरियर’पुढे ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं. परीक्षा घेणारा एका पर्यायात फक्त ‘मोअर’ काढून ‘दॅन’ तसंच ठेवतो आणि घाईतला मुलगा तिथेच खूण करतो. तेव्हा ‘मोअर’ काढल्यावर त्याच दमात पुढचा शब्दही तपासा: ‘धिस सीड इज सुपीरियर टू दॅट’.