‘सॉरी’ म्हटलं, तरी भांडण का वाढलं?

श्रोतेहो, नमस्कार.

भांडण झाल्यावर माफी मागितली की विषय मिटतो, असं आपण धरून चालतो. पण कित्येक घरांत उलटंच होतं. भांडण निवत आलेलं असतं आणि ‘सॉरी’ म्हटल्याबरोबर पुन्हा पेटतं. हे का होतं, ते आज एक प्रसंग घेऊन पाहू या.

रविवारी दुपारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आलेत. गावाकडचा एक प्लॉट घ्यायचा विषय निघतो. बायको म्हणते, “आधी सात-बारा नीट बघून घेऊ या.” त्यावर नवरा म्हणतो, “तू गप्प बस गं, तुला त्यातलं काय कळतं?” नणंद हसते, तोही हसतो. पाहुणे गेल्यावर व्हायचं तेच होतं. आवाज चढतात, मागच्या वर्षीची खाती उघडली जातात. शेवटी रात्री नवरा म्हणतो, “बरं बाबा, सॉरी. तुला एवढं लागलं असेल तर सॉरी. माझ्या मनात तसं काही नव्हतं. पण तूही चारचौघांत मला तोंडघशी पाडत होतीस.”

या माफीत ‘सॉरी’ दोनदा आलंय आणि तरी तिच्या हाती काही लागलेलं नाही. “बरं बाबा” म्हणजे आता हे संपव. “लागलं असेल तर” म्हणजे लागलंय की नाही याचीच त्याला शंका आहे, ते आता तिनं सिद्ध करायचं. “मनात तसं नव्हतं” म्हटलं की बोलणं तिच्या अपमानावरून त्याच्या सज्जनपणावर येतं. आणि “पण तूही” म्हटल्यावर आरोपी बदलतो.

दुखणं वाढतं ते इथे. दुपारी तिला निदान एवढी आशा होती की याच्या लक्षात आलं नसेल, सांगितलं तर कळेल. रात्री तीही जाते. आता त्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो स्वतःचीच बाजू लढवतोय. म्हणजे दुपारच्या वाक्याचं दुखणं राहिलंच, वर हे नवं. त्यात ती गप्प राहिली की “सॉरी म्हटलं ना, आता अजून काय करू?” हे वाक्य येतं, आणि ताणून धरल्याचा ठपकाही तिच्यावरच बसतो.

माणूस असं बोलतो ते दरवेळी खोटेपणानं नाही. भांडणात शरीर तापलेलं असतं. नवरा-बायकोच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की नाडीचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही, आणि शरीर निवायला कमीत कमी 20 मिनिटं लागतात. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे थांबणं. पण न सांगता उठून गेलात, तर समोरचा माणूस त्याला अबोला समजतो. म्हणून वेळ सांगून उठा: “माझं डोकं तापलंय, अर्धा तास दे, साडेनऊला बसून बोलू.” आणि साडेनऊला स्वतःहून या. तिनं बोलवायला लागलं, तर थांबण्याचा उपयोग गेला. या अर्ध्या तासात स्वतःच्या बाजूचे मुद्दे मनात घोळवत बसलात, तर ठोके उतरत नाहीत. भांडी घासा, खाली एक चक्कर मारून या.

परत आल्यावर लगेच माफी नको, आधी ऐका. सिंथिया फ्रान्ट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांच्या 2005 सालच्या अभ्यासात घाईच्या माफीपेक्षा थोडी उशिरा आलेली माफी जास्त लागू पडलेली दिसली. कारण मधल्या वेळात दुखावलेल्याला आपलं म्हणणं मांडता आलं होतं, ते समोरच्याला कळलंय असं वाटलं होतं. आपल्या प्रसंगात नवऱ्यानं विचारावं, “तुला नेमकं काय लागलं?” आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. कदाचित ती म्हणेल, “तू बोललास ते एक वेळ चाललं असतं. पण ताई हसल्यावर तू तिच्याकडे बघून हसलास, ते लागलं.” विचारलं नसतं, तर तो भलत्याच गोष्टीची माफी मागत बसला असता. बहुतेक माफ्या इथेच चुकतात.

आता माफी. ती चार-पाच वाक्यांची पुरे. “ताई-भावोजींसमोर मी तुला ‘काय कळतं’ म्हटलं आणि वर ताईबरोबर हसलो. तुला तिथं एकटं पाडलं. ही माझी चूक आहे. तू सात-बाऱ्याचं म्हणत होतीस ते बरोबरच होतं. आता मी काय करू?” यात ‘जर’ नाही, ‘पण’ नाही, आणि काय केलं ते नाव घेऊन सांगितलंय. “जे काही झालं त्याबद्दल” असं म्हटलं की ते आपोआप झाल्यासारखं वाटतं.

रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माफीचे सहा भाग करून ते लोकांना तपासायला दिले. खंत, चूक कशी झाली याचं स्पष्टीकरण, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती, असे ते भाग. सगळ्यात वजन पडलं “चूक माझी” या कबुलीला, त्याखालोखाल भरपाईला. सगळ्यात कमी, क्षमा मागण्याला. त्यातला प्रसंग नोकरीतला होता, घरातला नव्हे, पण घरातही “माफ केलंस ना?” हा प्रश्न घाईचाच ठरतो. तिला निवायला वेळ लागेल, तेवढा द्यावा.

भरपाई जिथं नुकसान झालं तिथंच करावी. अपमान पाहुण्यांसमोर, तर स्वयंपाकघरात हळूच पुटपुटलेली माफी अपुरी पडते. पुढच्या वेळी ताईसमोर सहज म्हणता येतं, “त्या दिवशी मी हिला उगाच गप्प केलं, हिचंच बरोबर होतं.” मात्र आधी बायकोला विचारून. तिला तो विषय पुन्हा निघायलाच नको असेल, तर तुमची भरपाई तिला नवी शिक्षा होईल. नुसती साडी किंवा गजरा आणून हे भागत नाही.

आता, तिचंही काही चुकलं असेल तर? असू शकतं. ते बोलायचं, पण त्याच बैठकीत नाही. दुसऱ्या दिवशी, वेगळा विषय म्हणून. दोन्ही एकत्र केले की माफीचा सौदा होतो.

याच्या उलट टोकाचीही एक माफी असते, “मीच नालायक, माझ्याशी लग्न करून तुझं वाटोळं झालं.” ऐकायला नम्र वाटते, पण हाही बचावच. आता तिनं स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून याचीच समजूत काढायची. आणि मारहाण, धमक्या असतील, तर या सगळ्या पायऱ्या तिथं लागू नाहीत. तिथं आधी सुरक्षित जागा आणि बाहेरची मदत. महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

राहता राहिली एक गोष्ट. चांगली माफी मागितली तरी दोन-चार दिवसांनी ती पुन्हा म्हणेल, “त्या दिवशी ताईसमोर तू...” तेव्हा “ते मिटलं होतं ना?” हे ओठावर येईल. ते गिळा आणि एवढंच म्हणा, “हो, बोललो होतो मी तसं.” विषय तिसऱ्यांदा निघाला आणि आवाज आधीपेक्षा खालचा असला, तर माफी पोहोचायला लागली आहे असं समजा. आवाज तसाच चढत असेल, तर मूळ दुखणं काहीतरी वेगळंच आहे. “तुला नेमकं काय लागलं?” हे पुन्हा विचारावं लागेल.

नमस्कार.