लॅपटॉप कंपनीचा, मग अॅप कुणाचं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न चाळीस वेळा आलाय. त्यातली एक कमेंट वाचतो. "दादा, ऐरोलीच्या कंपनीत टेस्टर आहे. रात्री घोडबंदरला घरी बसून सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबाचं अॅप लिहिलं. सोसायटीने पंधरा हजार दिले. लॅपटॉप कंपनीचा. अॅप कुणाचं?"

खाली उत्तर हजर, "लॅपटॉप कंपनीचा, विषय संपला." अहो, कसला संपला!

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. मूळ नियम साधा: जो लिहितो, तो मालक. अपवाद असा की नोकरीच्या ओघात केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं, वेगळा करार नसेल तर. यात लॅपटॉप कुठे दिसला? मला तरी नाही.

आता उलटं बघा. माझी पहिली नोकरी वागळे इस्टेटला. नव्या मुलांसाठी ट्रेनिंगची वही लिहिणं माझंच काम होतं. ती मी रविवारी, घरच्या कॉम्प्युटरवर, आईच्या हाका ऐकत लिहिली. नोकरी सोडताना म्हटलं, माझी आहे. नव्हती! पगारच त्याचा होता.

तरी पटत नसेल, तर इंग्लंडमधला १९५२चा एक खटला ऐका, स्टीफन्सन जॉर्डन. एकाच नोकरदाराचं एकच पुस्तक. त्यातली व्याख्यानं त्याची ठरली, खर्च कंपनीने केला असूनही. कारण व्याख्यानं देणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. पण कंपनीने नेमून दिलेल्या कामातून आलेला भाग मात्र कंपनीचा.

म्हणून आपल्या टेस्टरभाऊंचा दावा भक्कम आहे. हिशेबाचं अॅप त्यांच्या कामात येत नाही. फक्त ऑफर लेटर काढा. "नोकरीच्या काळात जे काही बनवाल ते कंपनीचं" असं कलम असेल आणि त्याखाली तुमची सही असेल, तर कंपनी त्यावर भांडेल. लॅपटॉप खाजगी कामाला वापरला म्हणून मेमो येईल, तो वेगळा. शिस्तभंग झाला म्हणून मालकी बदलत नाही.

राहिली सोसायटी. सेक्रेटरी काका म्हणणार, "पैसे आम्ही दिले!" काका, पैसे देणारा आपोआप मालक होतो ते फोटो, चित्र, सिनेमा अशा मोजक्या गोष्टींत. लग्नाचे फोटो सांगून, पैसे देऊन काढून घेतलेत, तर वेगळा करार नसल्यास तुमचे. सॉफ्टवेअर त्या यादीत नाही. तुम्हाला अॅप वापरता येईल, शेजारच्या टॉवरला विकता येणार नाही. मालकी हवी तर भाऊंच्या सहीचा लेखी करार लागतो. पावती चालत नाही. आणि त्यात मुदत लिहा. नाही लिहिली तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षंच धरतात, म्हणजे सहाव्या वर्षी पुन्हा भाऊंच्या दारात.