चार दिवसांचा चारा

गोरेगावातली ही छोटी रेकॉर्डिंग रूम. एसी बंद केलाय, कारण त्याची घरघर माइक पकडतो. समोर मुरघासावरच्या, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावरच्या, फिल्मची स्क्रिप्ट आहे, निवेदन माझं. ही फिल्म शेतकरी सांगलीतही बघणार, बीडमध्येही आणि अमरावतीतही.

पहिली ओळ अशी आलेली, "हिरवे पीक कापून त्याची कुट्टी करण्यात येते." ही वाचली की लगेच सरकारी वाटतं. म्हणून मी ती मोडली, "हिरवा मका कापायचा, त्याची कुट्टी करायची, पिशवीत दाबून दाबून भरायची, आत हवा राहता कामा नये." गोठ्यात उभं राहून माणूस असंच सांगतो ना.

मग निरोप आला की जरा गावरान टच द्या. दिला. "बगा", "लई", "व्हय" घातलं, आणि मुंबईच्या माणसाने ओढूनताणून केलेली नक्कल ऐकू आली. वऱ्हाडात असं कोणी बोलत नाही, आणि कोल्हापूरकडचा माणूस तर दुसऱ्या शब्दाला ओळखतो की हा आपला नाही. ते सगळं काढलं. हेल माझाच ठेवला. पूर्ण निवेदन वऱ्हाडीत हवं असेल तर माइकपुढे वऱ्हाडी माणूसच बसवायला हवा, याला दुसरा इलाज नाही.

पण माझ्या बोलण्यातही एक खोट आहे, मुंबईत दिवसभर हिंदी कानावर पडते त्यामुळे च घसरतो. "चार दिवसांचा चारा" म्हणून बघा. "चार"चा च "चहा"सारखा, "चारा"चा च "चमचा"सारखा, दाताजवळचा. मी घाईत दोन्ही सारखेच म्हटले आणि हेडफोनमध्ये ऐकलं तर मराठी येत असलेला पण मराठीत न राहणारा माणूस बोलतोय असं वाटलं. ही ओळ हळू, परत परत घेतली, च वेगळे पडेपर्यंत.

शब्दांचं दुखणं वेगळं. एक मिनिटाचा तुकडा व्हॉट्सॲपवर तिन्ही जिल्ह्यांतल्या ओळखीच्यांना पाठवला. कसं वाटलं हे मुद्दाम विचारलं नाही, त्यावर सगळे छानच म्हणतात. काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा, एवढंच म्हटलं. अमरावतीहून व्हॉइस नोट आली, "भूस म्हणजे आपलं कुटारच ना?" माणूस तिथेच अडकला होता आणि पुढचं वाक्य त्याच्या हातून निसटलं होतं.

कुटार एकटं ठेवलं तर सांगलीवाला अडकेल. म्हणून ओळ केली, "सोयाबीनचं भूस म्हणा, कुटार म्हणा, नुसत्या त्याच्यावर जनावर दूध देत नाही." दोन्ही शब्द एकदाच, पहिल्यांदा येतात तिथे, आणि त्याच क्षणी स्क्रीनवर भुसाचा ढीग. पुढे सगळीकडे फक्त भूस. प्रत्येक वेळी दोन नावं घेतली असती तर ऐकणारा कंटाळला असता.

तोच तुकडा परत पाठवला. या वेळी अमरावतीहून प्रश्न आला तो मुरघासाचा, "पिशवी किती दिवसांनी उघडायची?"