बुधवारी तिप्पट स्वॅप का लागतो?

मंडळी, चलनाचा सौदा मंगळवारी रात्रभर ठेवला तर व्याजाच्या फरकाची एक रक्कम, म्हणजे स्वॅप, खात्यातून जाते आणि बुधवारी ठेवला तर तिप्पट जाते. पुष्कळांना ही ब्रोकरची लबाडी वाटते. ती लबाडी नाही. लबाडीला वाव आहे, पण तो दुसरीकडे.

बहुतेक चलनजोड्यांत आज केलेल्या स्पॉट सौद्याची पूर्तता कामकाजाच्या दोन दिवसांनी होते. प्रत्यक्ष युरो वा डॉलर आपल्याला नको असतात, म्हणून न्यूयॉर्कच्या संध्याकाळी 5 वाजता उघडा असलेला सौदा ब्रोकर पुढच्या पूर्ततेच्या तारखेवर ढकलतो. हाच रोलओव्हर. बुधवारच्या सौद्याची पूर्तता शुक्रवारी असते. ती ढकलली की सोमवारवर जाते, कारण शनिवार-रविवारी बँका बंद असतात. व्याज मात्र त्या दिवसांचंही धावतं, म्हणून तीन दिवसांचं लागतं. अमेरिकन डॉलर-कॅनेडियन डॉलर या जोडीची पूर्तता एकाच दिवसात होते, म्हणून तिथे तिप्पट आकारणी साधारणपणे गुरुवारी येते.

आता हिशेब पाहू. समजा युरोचा व्याजदर 2 टक्के, डॉलरचा 4 टक्के आणि युरोचा भाव 1.10 डॉलर आहे. एक लॉट, म्हणजे 1 लाख युरो, तुम्ही विकत घेतले. याचा अर्थ 1,10,000 डॉलर उसने घेतले, त्यावर 4 टक्के देणं आणि युरोवर 2 टक्के येणं. फरकाचे 2,200 डॉलर वर्षाला, 360 ने भागले की रोज 6.11. पण मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, सौद्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं असेल, तर तुमच्या खिशातले फक्त 2,200 डॉलर अडकलेत. वर्षभर सौदा उघडा ठेवला, तर भाव जागचा न हलताही सगळं मार्जिन व्याजात जाईल. स्वॅप पूर्ण सौद्यावर लागतो, मार्जिनवर नाही, हे बरेच जण विसरतात.

ब्रोकरचा हात दिसतो तो यापुढे. समजा, तो खरेदीवाल्याकडून 8.40 घेतो आणि विक्रीवाल्याला 3.82 देतो. दोहोंची सरासरी 6.11, म्हणजे व्याजाचा खरा फरक. वरचे 2.29 दोन्ही बाजूंनी त्याच्या खिशात. प्लॅटफॉर्मवर खरेदी आणि विक्रीचे स्वॅप शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वजा असतील, तर त्याचं कमिशन व्याजाच्या फरकाहून मोठं आहे.

मग 5 च्या आधी सौदा बंद करून नंतर पुन्हा उघडावा का? भाव 0.0001 ने हलला की एक पिप, आणि या लॉटला एक पिप म्हणजे 10 डॉलर. एरवी एक पिपचा स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, भरून 8.40 वाचवणं तोट्याचंच. बुधवारी 25.20 वाचतात, तेव्हा मोह होतो. पण नेमक्या 5 च्या सुमारास बाजारात भाव देणारे कमी असतात आणि स्प्रेड फुगतो. तो तीन पिपांवर गेला, की 30 डॉलर मोजून 25 वाचवल्यासारखं होतं.