लॅक्टोमीटरच्या दांडीवरच्या रेघा

मंडळी, माझ्या हातात आहे तो दुधाचा लॅक्टोमीटर, म्हणजे दुधासाठी बनवलेला हायड्रोमीटर. खाली छरे भरलेला छोटा गोळा, मध्ये हवेचा मोठा फुगा आणि वर बारीक काचेची दांडी. दांडीच्या आत कागदाची पट्टी आहे आणि तिच्यावर 0 पासून 40 पर्यंत आकडे आहेत. शून्य सर्वांत वर आणि चाळीस खाली. आज मला या पट्टीबद्दलच बोलायचं आहे. तिच्यावरच्या रेघा कुठे मारायच्या हे कसं ठरतं?

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच द्रव बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो. हे उपकरण 42 ग्रॅमचं आहे असं धरू. म्हणजे ते कुठल्याही द्रवात सोडलं तरी 42 ग्रॅमच द्रव सारणार. वजन ठरलेलं आहे, बदलतं ते आकारमान. 1.000 घनतेच्या पाण्यात 42 ग्रॅम म्हणजे 42 घन सेंटीमीटर, तेवढा भाग बुडाला पाहिजे. 1.040 घनतेच्या द्रवात 42 भागिले 1.040, म्हणजे साधारण 40.4 घन सेंटीमीटर पुरतात. तेव्हा उपकरण थोडं वर येतं. फरक जेमतेम 1.6 घन सेंटीमीटरचा आहे, आणि तो डोळ्यांना दिसावा म्हणूनच दांडी बारीक ठेवलेली असते. तिचा छेद 0.2 चौरस सेंटीमीटर धरला, तर हा फरक दांडीवर 8 सेंटीमीटरचा होतो. डेअरीत आपण ज्याला एक डिग्री म्हणतो, ती घनतेत 0.001 असते. 28 डिग्री म्हणजे 1.028. इथे एका डिग्रीला साधारण दोन मिलिमीटर मिळाले. फुगा मोठा आणि दांडी बारीक असेल तर रेघा लांब लांब पडतात आणि वाचन बारकाईनं होतं. मात्र त्याच लांबीत कमी डिग्र्या मावतात. एकच हायड्रोमीटर पाण्यालाही चालेल आणि गंधकाम्लालाही, अशी अपेक्षा ठेवली तर त्यावर बारीक फरक वाचता येत नाही, त्याचं कारण हेच.

आता पट्टीकडे येऊ. कोणालाही वाटेल की वरची आणि खालची खूण मिळाली की मधल्या भागाचे सारखे भाग करावेत. तसं केलं तर चूक होते. बुडालेलं आकारमान घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे घनता सारख्या टप्प्यांनी वाढवली तरी दांडी सारख्या टप्प्यांनी वर येत नाही. आपल्याच उपकरणावर हिशेब करून पाहा. 0 ते 10 डिग्रीमधलं अंतर येतं 20.8 मिलिमीटर. 10 ते 20 मधलं 20.4, पुढचं 20.0 आणि शेवटचं 19.6. खाली जाऊ तशा रेघा जवळ येत जातात. एकूण 80.8 मिलिमीटरचे चार सारखे भाग केले असते तर 20 ची रेघ 40.4 वर पडली असती. पण 1.020 घनतेच्या द्रवाची पातळी प्रत्यक्षात 41.2 वर येते. म्हणजे असा लॅक्टोमीटर 20 च्या जागी 20.4 दाखवणार. लहान पल्ल्यात ही चूक लहान वाटते, मोठ्या पल्ल्यात ती झाकत नाही. 1.000 ते 2.000 अशा पट्टीवर पहिल्या दहाव्या भागाची लांबी शेवटच्या दहाव्या भागाच्या जवळजवळ साडेतीनपट असते. कुठलाही मोठ्या पल्ल्याचा हायड्रोमीटर डोळ्यांजवळ धरून पाहा, वरच्या रेघा विरळ आणि खालच्या दाट दिसतील.

सारखे भाग करण्याची पद्धतही जगात रूढ झाली, आणि ती चुकीची नव्हती. फ्रान्सच्या आंत्वान बोमे यांनी अठराव्या शतकात पाण्यापेक्षा जड द्रवांसाठी शुद्ध पाण्यात 0 आणि शंभर भागांत 15 भाग मीठ असलेल्या द्रावणात 15 अशा खुणा घेतल्या, आणि मधलं अंतर सरळ पंधरा समान भागांत विभागलं. त्यामुळे बोमे अंश हे दांडीच्या लांबीचे अंश झाले, घनतेचे नाहीत. घनता हवी असेल तर हिशेब करावा लागतो. पुढे प्रमाणित झालेल्या एका सूत्रात 145 ला (145 वजा बोमे अंश) यानं भागतात. 15 अंशाला ती 1.115 येते. साखर कारखान्यात चुन्याच्या दुधाची दाटी आजही बोमेत सांगतात. थोडक्यात, रेघा तरी सारख्या ठेवायच्या किंवा घनतेचे टप्पे तरी, दोन्ही एकाच दांडीवर जमत नाहीत.

कारखान्यात पट्टी बसवताना दांडीचं वरचं टोक आधी उघडं ठेवतात. छरे कमीजास्त करून वजन जुळवतात, मग घनता नेमकी माहीत असलेल्या दोन द्रवांत उपकरण सोडून दोन पातळ्या टिपतात. मधल्या रेघा व्यस्त प्रमाणाच्या हिशेबानं आखतात, पट्टी त्या दोन खुणांवर बसवून चिकटवतात आणि टोक वितळवून बंद करतात. दांडीची जाडी सगळीकडे एकसारखी आहे, यावर हा सगळा हिशेब उभा आहे. जाडी कमीजास्त असेल तर मधल्या एखाद्या ज्ञात द्रवात तपासल्यावर ते उघडं पडतं.

आता एक बारीक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. दांडीभोवती द्रव किंचित वर चढतो आणि पृष्ठताणामुळे दांडीला खाली ओढतो. आपल्या दांडीवर पाण्यात ही ओढ सुमारे 0.12 ग्रॅम वजनाइतकी येते, दुधात त्याच्या दोनतृतीयांश. फरक 0.04 ग्रॅमचा, पण दांडीवर तो दोन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक डिग्री होतो. म्हणून दुधासाठी आखलेला लॅक्टोमीटर साध्या पाण्यात घालून ‘बरोबर शून्य दाखवत नाही, खराब आहे’ असा निकाल देऊ नये. दांडीला तूपट हात लागला असेल तर दूध तिच्याभोवती नीट चढत नाही आणि वाचन हलतं. ती पुसून कोरडी करावी, भांड्याच्या कडेला टेकू देऊ नये. दूध अपारदर्शक असल्यानं खालची पातळी दिसत नाही, चढलेल्या कडेचा वरचा काठ वाचावा लागतो. त्यासाठी पट्टीही तशीच आखलेली असावी लागते.

पट्टीवर तापमानही छापलेलं असतं. आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसचे लॅक्टोमीटर असतात, जुने 15.5 अंशांचेही. दूध त्याहून गरम असेल तर पातळ होतं आणि डिग्री कमी लागते. दर अंशाला साधारण 0.2 डिग्री मिळवायची. 27 च्या लॅक्टोमीटरवर 32 अंशांच्या दुधाला 28 लागली, तर खरी 29.

आणि पट्टी बिनचूक असली तरी ती फक्त घनता सांगते. 30 डिग्रीच्या दुधात दहावा भाग पाणी असेल तर मिश्रणाची डिग्री 27 लागते, हे सहज ओळखू येतं. पण मलई काढलेलं दूध 36 पर्यंत चढतं, कारण चरबी पाण्यापेक्षाही हलकी असते. त्यात पाचवा भाग पाणी असेल तर डिग्री लागते 28.8. लॅक्टोमीटरनं बरोबर वाचलं, घनता तेवढीच आहे, तरी दूध चोख नाही. म्हणून संकलन केंद्रावर डिग्रीच्या जोडीला फॅट मोजतात, आणि दोन्ही आकडे समोर ठेवून दुधाचा निकाल देतात.